सात नंबरच्या खांबाचा करंट

प्रतिक्षा मेश्रामचा फोटो पेपरात आला, त्या दिवसापासून भावना रामटेकेच्या पोटात जे जळू लागलं ते काही केल्या विझेना. फोटो मोठा होता. डोक्यावर पिवळं हेल्मेट, कमरेला पट्टा, विजेच्या खांबावर अर्ध्यात चढलेली प्रतिक्षा आणि खाली मथळा, 'अड्याळ परिसराची लाईनवाली ताई'. तो फोटो भावनाच्या स्वतःच्या घरात, स्वतःच्या भिंतीवर चिकटवलेला होता. चिकटवला होता तिच्याच लेकीनं. आणि सासू पार्वताबाई येणाऱ्याजाणाऱ्याला दाखवायची, "हे पाहा, आमच्या भावनाची मैत्रीण. एकाच बाकावर होत्या दोघी."

एकाच बाकावर होत्या हे खरंच होतं. भंडाऱ्याच्या आयटीआयमध्ये वायरमनच्या वर्गात पोरी होत्या दोनच, बाकी सगळी पोरं. येनटोल्याहून दोघी एकाच एसटीनं जायच्या, एकाच डब्यात जेवायच्या. खांबावर चढायला आधी भावना शिकली. प्रतिक्षाचे पाय थरथरायचे, तेव्हा खालून भावना ओरडायची, "खाली नोको पाहू वं, हातावर ध्यान दे!" गुणही भावनाचेच जास्त. मग वीज कंपनीची भरती निघाली. दोघींची नावं यादीत लागली. पण कागदपत्रं तपासणीची तारीख आली त्याच दिवशी भावना पवनीच्या दवाखान्यात बाळंत होती. नवरा प्रफुल्ल कागद घेऊन नागपूरला गेला, तर त्यांनी सांगितलं, उमेदवार स्वतः पाहिजे. प्रतिक्षा कंपनीत लागली. पुढं भावनाला येनटोला ग्रामपंचायतीनं पथदिव्यांच्या कामावर ठेवलं, दर वर्षी नव्यानं ठराव करून.

लेक झाली याचं भावनाला कधी दुःख नव्हतं. दुःख होतं ते प्रतिक्षाचं. कंपनीनं तिची नेमणूक येनटोल्याच्याच उपकेंद्रावर केली. दूर कुठं सिहोऱ्याकडे गेली असती तर डोळ्यांआड तरी झाली असती. इथं रोज गाडीवरून समोरून जायची, हात करायची. भावनाही हात करायची, आणि घरी येऊन भांडी जरा जोरात घासायची.

त्या वर्षी पोळ्याच्या दोन दिवस आधी आठवडी बाजार भरला होता. बाजाररस्त्याला पंचायतीनं काही वर्षांपूर्वी लोखंडी खांब उभे केले होते. तारा वरून नव्हत्या, जमिनीखालून केबल टाकलेली होती. रस्ता देखणा दिसायचा. उन्हाळ्यात त्याच रस्त्याच्या कडेनं नाली खोदली गेली, सिमेंटची नवी भिंत आली, बाजूला मुरूम भरला गेला. दुपारपासून पाऊस जो लागला तो संध्याकाळ झाली तरी थांबला नव्हता. दिवे लागले. भाजीवाली देवकाबाई पाटी डोक्यावर घेऊन निघाली आणि गोपीचंदच्या सायकल दुकानापुढं चिखलात तिचा पाय घसरला. तोल सावरायला तिनं हात टाकला तो सात नंबरच्या खांबावर.

हात तिथंच चिकटला. पाटी खाली पडली, वांगी रस्त्यावर पसरली, आणि देवकाबाईच्या तोंडून शब्द नाही, नुसता घशातला आवाज. गोपीचंद म्हातारा होता, पण डोक्यानं ताजा. धरायला धावणाऱ्या दोघांना त्यानं दरडावलं, "हात नोको लावू रे तिले! तुमीबी चिकटसान!" दुकानातल्या कोरड्या लाकडी बाकावर तो उभा राहिला आणि टायर काढायच्या लांब लाकडी दांड्यानं देवकाबाईच्या मनगटावर असा फटका हाणला की हात सुटला. बाई मागं पडली. श्वास चालू होता. हाताचा तळवा भाजला होता.

लोकांनी फोन केला तो प्रतिक्षाला. पंचायतीचे दिवे भावनाकडे आहेत हे गावाला ठाऊक होतं, पण फोटो पाहिल्यापासून विजेचं काही झालं की तोंडात नाव तिचंच यायचं. प्रतिक्षा पाच-दहा मिनिटांत आली, पंचायतीच्या पथदिव्यांची पेटी उघडली, फ्यूज काढला. बाजाररस्ता अंधारला. भावना पोचली तेव्हा देवकाबाईला गाडीत घालून दवाखान्यात नेत होते आणि गर्दी प्रतिक्षाभोवती उभी होती.

"ताई होती म्हणून," कोणी तरी म्हणत होतं.

"फ्यूज काढायले काय ताई लागते," भावना म्हणाली, पण पावसात ते कोणाला ऐकू गेलं नाही.

प्रतिक्षा तिला पाहून पुढं आली. "भावना, आमच्या बाजूनं मी पाहिलं. डीपीपासून तुमच्या पेटीपर्यंत सगळं बरोबर आहे. फ्यूज काढला तशी खांबावरची वीज गेली. म्हणजे लीकेज तुमच्या लाईनीत आहे."

तिनं सांगितलं ते सरळ होतं, खालच्या आवाजात सांगितलं होतं. पण गर्दीनं ऐकलं. 'तुमच्या लाईनीत.' भावनाच्या कानात तेवढंच राहिलं. ओल्या साडीवरचा रेनकोट घट्ट करत ती म्हणाली, "माझी लाईन मले ठाऊक आहे. तू तुझी पाहा."

घरी पार्वताबाई दारातच उभी होती. "देवकाले प्रतिक्षानं वाचवलं म्हणतात!"

"गोपीचंदनं वाचवलं, आई."

"तो तर आहेच. पण पोरगी कशी धावून आली पाहा. अशी पाहिजे बाई." सासू भली होती, सुनेला टोचावं असं तिच्या मनात कधी नसायचं. म्हणूनच ते जास्त टोचलं. भावनानं भाकर अर्धी खाल्ली आणि उरलेली झाकून ठेवली.

सकाळी ऊन पडलं. असं लख्ख, की रात्रीचा पाऊस खोटा वाटावा. सरपंच ललिताबाई स्वतः बाजाररस्त्यावर येऊन उभ्या राहिल्या होत्या. उद्या पोळा, परवा तान्हा पोळा. त्या रस्त्यावरूनच बैल आखरावर, गुरं जमतात त्या मोकळ्या जागेवर, जाणार, आणि परवा संध्याकाळी लहान लहान पोरं लाकडी नंदी ओढत त्याच दिव्यांखालून मिरवणार. अंधारात कसं चालेल?

"भावनाबाई, आज लाईट लागले पाहिजेत. काय झालं ते पाहून घ्या. ते कंपनीवाली पोरगी म्हणे, पुरी केबल तपासल्याशिवाय लावू नोका. खरं आहे का?"

तपासायचं म्हणजे मेगर पाहिजे होता. मेगर म्हणजे हातानं फिरवायचं यंत्र. त्यातून मोठा दाब सोडून केबलीचं वरचं आवरण धड आहे की फाटलं आहे ते कळतं. पंचायतीकडे मेगर नव्हता. तो होता कंपनीच्या उपकेंद्रात, म्हणजे प्रतिक्षाकडे. तिच्या दारात जाऊन मागायचा? कालच्या बोलण्यानंतर? भावनाच्या छातीत पुन्हा ते तापलं.

तिनं पेटीत फ्यूज टाकला, दिवसाढवळ्या दिवे लावले आणि सात नंबरच्या खांबाला टेस्टर टेकवला. टेस्टरमधला दिवा पेटला नाही. पुन्हा टेकवला. नाहीच पेटला.

पायात तिच्या रबरी बूट होते आणि उभी होती ती कोरड्या फळीवर. असं उभं राहून टेस्टर धरला तर तो खोटं बोलू शकतो, हे तिला आयटीआयच्या पहिल्या वर्षापासून माहीत होतं. शिवाय काल पाणी होतं, आज नव्हतं. हेही तिला माहीत होतं. ते माहीत असणं तिनं मनाच्या एका कोपऱ्यात ढकललं आणि वर दुसरंच ठेवलं.

"काई नाई, सरपंचबाई," ती मोठ्यानं म्हणाली, चार लोक ऐकतील असं. "खांब साफ आहे. काल कुठंतरी पाणी शिरलं असल, ते आटलं. काही लोकांले तमाशा करायची सवय असते."

तमाशा म्हणताना तिनं नाव घेतलं नाही, पण ज्यांना कळायचं त्यांना कळलं. दोघंतिघं हसले. ललिताबाईंचा चेहरा मोकळा झाला. आणि भावनाला खूप दिवसांनी बरं वाटलं. गुळाचा खडा तोंडात ठेवावा तसं. ती गोपीचंदच्या दुकानात बसून चहा प्याली, आणि प्रतिक्षा गाडीवरून जाताना दिसली तर तिनं मुद्दाम हात केला नाही.

दुपारी ती घरून जेवून परतली तर खांबाजवळ गर्दी नव्हती, एकटी देवकाबाई होती. उजव्या हाताला पांढरी पट्टी, डाव्या हातानं पोतं अंथरत होती. नेहमीची जागा तिची दोन खांब पलीकडे. आज ती सात नंबरच्या अगदी बुडाशी बसत होती. पाठ खांबाला टेकेल अशी.

"इथं काहून बसली वो, मावशी?"

"तिकडं बैल बांधले पोळ्याचे. जागाच नाई." देवकाबाईनं पोतं सरळ केलं. "मले तर भेवच वाटत होता. मग लोक म्हणाले, भावनानं पाहिलं, साफ आहे. म्हणलं, भावना म्हणते त बसाले काय होते."

ढगांचा एक काळा पट्टा वैनगंगेच्या बाजूनं वर येत होता.

भावनानं त्या ढगांकडे पाहिलं, मग खांबाला टेकलेल्या पोत्याकडे. आपण काय बोललो, आणि काय म्हणून बोललो, हे तिला एकदम उघडं दिसलं. टेस्टर, रबरी बूट, कोरडी फळी, गुळाचा खडा. ती देवकाबाईजवळ वाकली, तिचा चांगला हात धरला आणि तिला उठवलं.

"उठ मावशी. इथं नोको बसू. मी बरोबर नाई पाहिलं."

"अवं पण तूच त..."

"उठ म्हणते ना!"

आवाज असा चढला की देवकाबाई बावरून उठली. भावना पळत पेटीपाशी गेली, फ्यूज काढला, साडीवरच्या शर्टाच्या खिशात घातला आणि पेटीला कुलूप लावलं. मग ती चालत उपकेंद्राकडे निघाली. रस्ता फार नव्हता, पण तिला तो धानाच्या बांधासारखा वाटला, एकेक पाऊल जपून टाकावं लागणारा. जाऊन काय म्हणायचं, हे ती घोकत होती. 'मेगर पाहिजे' एवढंच म्हणायचं. बाकी काही नाही.

प्रतिक्षा टेबलाशी डबा खात बसली होती. भावनाला पाहून तिनं डबा थोडा पुढं सरकवला, जुन्या सवयीनं.

"मेगर पाहिजे," भावना म्हणाली.

"सकाळी लावली म्हणे लाईन तू?"

"लावली होती. आता काढली. फ्यूज माझ्या खिशात आहे." आणि मग तिला वाटलं होतं त्यापेक्षा जास्त निघून गेलं. "बूट घालून टेस्टर लावला मी. मले माहीत होतं का तो पेटणार नाई."

प्रतिक्षानं डबा बंद केला, कपाटातून मेगरची पेटी काढली, व्होल्ट मोजायचा मीटर आणि रबरी हातमोजे घेतले. "चाल. मीबी येतो."

तिनं रागवायला पाहिजे होतं. 'असं कसं केलं' म्हणायला पाहिजे होतं. ती काहीच बोलली नाही म्हणून भावनाला आणखी राग आला. एवढं मोठं मन दाखवायची काय गरज, असं वाटलं. पण ती निमूट मागून चालली.

पंचायतीचा शिपाई डोमा दोर घेऊन आला. खांबाभोवती लांबपर्यंत दोर बांधून त्यांनी लोकांना मागं हटवलं. भावना म्हणाली, "आधी काल जसं होतं तसं करू." डोमानं टाकीवरून पाणी आणून नालीच्या कडेच्या मुरमात आणि खांबाच्या बुडाशी ओतलं. मुरूम पाणी पीत राहिला. प्रतिक्षानं खांबापासून दूर एक लोखंडी सळई जमिनीत ठोकली. मीटरची एक तार सळईला, दुसरी खांबाला. दोघी हातमोजे घालून, कोरड्या फळ्यांवर. भावनानं फ्यूज टाकला.

मीटरचा आकडा वर चढला आणि दीडशे व्होल्टच्या पुढं जाऊन थांबला. तोच खांब, जो सकाळी 'साफ' होता. दोराबाहेर उभ्या असलेल्या देवकाबाईनं तोंडाला पदर लावला.

सहा नंबरचा खांब पाहिला. तिथं काही नव्हतं. आठलाही तसंच. भावनानं फ्यूज काढून पुन्हा खिशात घातला, मीटर लावून खांब मेला याची खात्री केली आणि बुडाशी बसली. सगळ्या खांबांना एक अर्थिंगची तार असते, खांबाच्या पायाशी नटानं घट्ट केलेली, तिथून जमिनीत पुरलेल्या पाईपाला जाणारी. खांबात वीज उतरली तर तिनं माणसाच्या अंगातून न जाता त्या तारेनं जमिनीत जावं, आणि एवढ्या जोरात जावं की फ्यूज उडावा, यासाठी ती असते. सात नंबरच्या पायाशी नट होता. नटात तारेचा बोटभर तुकडा होता. पुढं काही नव्हतं. भावनानं माती उकरली. तारेचं दुसरं टोक नालीच्या नव्या सिमेंटमध्ये रुतलेलं निघालं.

"खोदताना तुटली," डोमा म्हणाला. "मशीन होती ना, मोठी."

"म्हणून फ्यूज उडला नाई," प्रतिक्षा म्हणाली. "वीज खांबात आली, पण जायले वाटच नव्हती. पण आली कुठून? खांबाच्या आत केबल घासली असल, मले वाटते. लोखंडाच्या धारेवर."

खांबाचं झाकण उघडलं. आतली जोडणी कोरडी होती, केबलीला कुठं ओरखडा नव्हता. भावनानं दोन्ही केबली सोडवल्या, एक सहाकडून येणारी, एक आठकडे जाणारी. तिकडे सहा नंबरलाही टोक मोकळं केलं. मेगरची मूठ फिरवायचं काम प्रतिक्षानं घेतलं. आठकडची केबल धड निघाली. सहाकडची लावली आणि काटा शून्याकडे लोळला.

"फाटली आहे. मधात कुठंतरी जमिनीखाली," प्रतिक्षा म्हणाली. मग थांबली. कपाळाला आठी. "पण मंग एक समजत नाई. केबलीच्या अंगावर लोखंडी तारांचं आवरण आहे, ते दोन्ही खांबांले जोडलेलं. इकडं अर्थिंग नाई, मान्य. पण सहा नंबरले त आहे. आवरणात वीज उतरली असती त ती सहाच्या अर्थिंगनं गेली असती. सातमध्ये एवढी राहिली कशी?"

भावना उकिडवी बसली होती, हातात मातीनं भरलेली पकड. उन्हाळ्यातली ती मशीन तिला आठवली. तिचे लोखंडी दात, आणि एका दुपारी चालकानं मशीन थांबवून खड्ड्यात डोकावून पाहिलं होतं, मग घाईनं मुरूम ढकलला होता. ती तेव्हा पाच नंबरवर बल्ब बदलत होती. लांबून पाहिलं होतं, मनावर घेतलं नव्हतं.

"आवरण एकसंध आहे का ते पाहा ना," ती म्हणाली. "सहापासून सातपर्यंत."

लांब तार लावून पाहिलं. एका टोकाचा दुसऱ्या टोकाशी जोड लागेना.

"तुटलं," भावना म्हणाली. "मशीनच्या दातानं तारांचं आवरण मधातून कापलं. सहाकडचा तुकडा अर्थिंगले आहे, सातकडचा लोंबकळत आहे. आतली तार शाबूत आहे म्हणून दिवे लागतात. पण तिच्या वरचं रबर फाटलं. पाणी भरलं का वीज पाण्यातून सातकडच्या तुकड्यात उतरते. आणि इकडं तर अर्थिंगच नाई. उन्हात मुरमातलं पाणी ओसरते, मंग खांब साफ."

प्रतिक्षा तिच्याकडे बघत राहिली. "होय," ती म्हणाली. "असंच असल."

"कुठं ते मी दाखवतो." भावनानं डोमाला सहा नंबरकडे चार पावलं नेलं, जिथं तो चालक वाकला होता. "इथं. हळू खण. पहारीनं नोको, फावड्यानं."

मुरूम निघाला, त्याखाली काळी माती, आणि मग केबल. वरचं काळं आवरण चिरलेलं, लोखंडी तारा दोन बाजूंना उलटलेल्या, एका बाजूच्या तारांची टोकं आतल्या फाटलेल्या रबरात घुसलेली. मघाशी ओतलेलं पाणी खड्ड्यात झिरपून आलं होतं आणि त्या जखमेवर तरंगत होतं. कोणीतरी, बहुतेक त्याच दुपारी, तिच्यावर साधी चिकटपट्टी गुंडाळली होती. ती सुटून साल निघाल्यासारखी लोंबत होती.

ललिताबाई आल्या. खड्ड्यात पाहिलं, भावनाकडे पाहिलं. "सकाळी त तुमी म्हणाल्या, साफ आहे."

आजूबाजूला सगळे होते. सकाळी हसणारेही.

"सकाळी चुकीचं बोलली मी," भावना म्हणाली. "आणि आता लाईट नाई लागणार, सरपंचबाई. या दोन खांबांमधली केबल पुरी नवी टाकावी लागते, चिकटपट्टीनं नाई भागत. सातले नवी अर्थिंग. बाकीच्या सगळ्या खांबांची अर्थिंग पाहावी लागते. पेटीतबी लीकेज झाल्यावर आपोआप बंद होणारा स्विच बसवावा लागते. तोवर अंधार."

"पोळा आहे उद्या!"

"पोरं अनवाणी राहतात तान्ह्या पोळ्याले. ओले हात, ओले पाय. तुमचा नातूबी राहते."

ललिताबाईंनी पुन्हा खड्ड्यात पाहिलं आणि म्हणाल्या, "बरं. तान्हा पोळा दिवसा घेऊ."

तेवढ्यात पेपरचा माणूस मोटारसायकलवर आला. कोणीतरी त्याला कळवलं होतं. तो थेट प्रतिक्षाकडे गेला. "ताई, जरा मेगर हातात घ्या. हेल्मेट घाला. असं, खड्ड्याकडे पाहा."

भावना खड्ड्यातच उभी होती, कोपरापर्यंत चिखल, केस कपाळाला चिकटलेले. तिच्या पोटात ते पुन्हा पेटलं, जसंच्या तसं, जणू दिवसभरात काही घडलंच नव्हतं. तिला स्वतःचंच नवल वाटलं. एवढं झालं तरी हे जात नाही?

"केबल हिनं शोधली," प्रतिक्षा पेपरवाल्याला म्हणाली. "मले त वाटत होतं खांबातच आहे. हिचा फोटो घ्या." तिनं हात पुढं करून भावनाला वर ओढलं. हेल्मेट काढून तिच्या डोक्यावर ठेवलं. ते भावनाला मोठं होत होतं, डोळ्यांवर आलं.

"नोको मले तुझं हेल्मेट," भावना हळूच म्हणाली.

"घाल ना. तूच शिकवलं मले चढायले. एवढं बी नाई घालत?"

भावनानं ते काढून तिच्या हातात परत दिलं. पेपरवाल्यानं दोघींचा फोटो घेतला, एक हेल्मेट हातात धरलेली, एक चिखलानं माखलेली, दोघींचीही डोकी उघडी. दुसऱ्या दिवशी छापून आलं, 'लाईनवाली ताई प्रतिक्षा मेश्राम व सहकारी यांनी मोठा अपघात टाळला'. सहकाऱ्याचं नाव नव्हतं. भावनानं पेपर घडी करून चुलीजवळ ठेवला. पार्वताबाईनं तो उचलला, चष्मा लावून वाचला, पुन्हा वाचला आणि म्हणाली, "तुझं नाव कुठं आहे?"

"नाई त्यात."

"काहून नाई?" म्हातारीला खरंच राग आला. "देवका सांगत होती, पोरीनं मले ओढून उठवलं म्हणून वाचली. हे लिहाले नोको?" आणि तिनं तो पेपर कोणालाच दाखवला नाही. भावनाला हसू आलं, आणि डोळेही भरले. सासूकडं पाठ करून तिनं चुलीतलं लाकूड पुढं सारलं.

केबल यायला आठवडा गेला. दोन खांबांमध्ये सलग नवी केबल पडली, मध्ये जोड नाही. खांबाशेजारी खड्डा करून, त्यात पाईप उभा करून, कोळसा आणि मीठ भरून नवी अर्थिंग झाली. बाजाररस्ता, बौद्धवाडा, आखर, तळ्याकाठ, एकेक खांब भावनानं स्वतः उकरून पाहिला. अर्थिंगची तार तुटलेले आणखी तीन निघाले. एकाची तार कोणी तरी म्हशीचा गोठा बांधायला कापून नेली होती. पाऊस आला की ती आता छत्री घेऊन मीटर लावत फिरायची. टेस्टरवर तिनं पुन्हा भरवसा ठेवला नाही, आणि मेगर मागायला उपकेंद्रात जायला लाजलीही नाही. जाताना कधी भाजी घेऊन जायची, कधी नुसतीच जायची. कधी दोघींचं एखाद्या आकड्यावरून कडाक्याचं भांडणही व्हायचं.

पुढच्या उन्हाळ्यात प्रतिक्षाची बदली झाली, चिखल्याकडच्या उपकेंद्रावर, वरच्या जागेवर. बातमी सांगायला ती स्वतः भावनाच्या घरी आली. वरच्या जागेवर हे ऐकून भावनाच्या छातीत ते ओळखीचं जुनं एकदा तापलं. तिनं ते तापू दिलं, चहा ठेवला, साखर जरा जास्तच टाकली.

"नवी भरती निघणार आहे म्हणतात," प्रतिक्षा म्हणाली. "तुझं वय बसते अजून. भर ना फॉर्म."

"आणि तू माझी साहेब होशील?"

"होईन त होईन."

"मंग नाई भरत," भावना म्हणाली, आणि दोघी हसल्या. पण दुसऱ्या दिवशी ती प्रफुल्लला म्हणाली, "जुने कागद कुठं ठेवले, काढून ठेवा." प्रफुल्लनं का म्हणून विचारलं नाही. तो माळ्यावर चढला आणि पत्र्याची पेटी खाली काढू लागला.